तीन पंचावन्न की चार पंचावन्न? सात वर्षांच्या मुलाला काट्यांचं घड्याळ शिकवताना

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत. वाढदिवसाला आजोबांनी त्याला काट्यांचं मनगटी घड्याळ दिलं. दिवसभर मिरवतो, पण किती वाजले विचारलं की माझ्या मोबाईलकडे धावतो. तीन वाजले, चार वाजले एवढं सांगतो, बाकी सगळा गोंधळ. समजवायला बसलं की पाच मिनिटांत रडारड होते. रोजच्या खेळातून कसं शिकवू?

उत्तर:

ताई, आज संध्याकाळी एवढंच करा. घड्याळाची चावी ओढून काटे ३:५५ वर लावा आणि चावी ओढलेलीच ठेवा, म्हणजे काटे हलणार नाहीत. घड्याळ त्याच्या हातात द्या आणि सहज विचारा, "किती वाजलेत रे यात?" तो जे म्हणेल ते ऐकून घ्या. चूक की बरोबर काही बोलू नका, फक्त त्याचे शब्द कागदावर लिहून ठेवा.

मी २२ वर्षं पहिली-दुसरीला शिकवते आणि घड्याळाची सुरुवात दर वर्षी याच वेळेपासून करते. मूल नेमकं कुठे अडलंय ते ३:५५ ला एका उत्तरात कळतं. "अकरा वाजून वीस" म्हणालं, तर त्याने काटेच उलटे धरले आहेत, मोठ्या काट्याला तासाचा समजलंय. "तीन वाजून अकरा" म्हणालं, तर काटे ओळखतंय, पण मोठा काटा ११ वर आला की पंचावन्न मिनिटं होतात हे अजून बसलेलं नाही. आणि "चार पंचावन्न" म्हणालं, तर मिनिटं येतात, पण तास चुकतोय. माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त मुलं हे तिसरं उत्तर देतात, आणि घरी सगळ्यांत जास्त रागावणं याच उत्तरावर होतं. "अरे, चार वाजले तरी आहेत का अजून?" असं आपण म्हणतो. मुलाला मात्र समोर दिसतंय की छोटा काटा चारलाच टेकलाय.

त्याची यात चूक नाही. आपण सांगितलेला नियमच अपुरा आहे. "छोटा काटा ज्या आकड्यावर, तेवढे वाजले" हे आपण शिकवतो, आणि ते फक्त पूर्ण तासाला खरं असतं. दिवसातल्या उरलेल्या प्रत्येक मिनिटाला छोटा काटा कोणत्याच आकड्यावर नसतो, दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतो. म्हणून तुमचा मुलगा तीन वाजले, चार वाजले सांगतो आणि बाकी सगळीकडे गडबडतो. त्याच्या हातातला नियम तेवढ्यावरच चालतो.

मी वर्गात नियम असा सांगते: घड्याळात बारा घरं आहेत. प्रत्येक आकडा म्हणजे त्या घराचा उंबरठा. छोट्या काट्याने तीनचा उंबरठा ओलांडला की तो तीनच्या घरात. मग चारच्या उंबरठ्याला अगदी नाक लावून उभा राहिला, तरी ओलांडेपर्यंत तो तीनच्याच घरात. एवढं एक बसलं की अर्धं घड्याळ आलं. त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस मी मिनिटांचं नावच काढत नाही.

तुम्हीही तसंच करा, आणि त्यासाठी मनगटी घड्याळ नको, भिंतीवरचं जुनं घड्याळ घ्या. घरात एखादं बंद पडलेलं किंवा स्वस्तातलं असतंच. आधी सेल काढा. मागचे स्क्रू किंवा खाचा सोडवून पुढची काच उघडा. सगळ्यात वरचा सेकंद काटा सरळ वर ओढला की निघतो. त्याखालचा मिनिट काटाही बहुतेक घड्याळांत नुसता दाबून बसवलेला असतो, काहींत त्यावर छोटी चकती फिरवून घट्ट केलेली असते, ती आधी सोडवायची. हे दोन काटे डबीत ठेवून द्या. तास काटा तेवढा राहू द्या, सेल घाला, आणि घड्याळ मुलाच्या नजरेच्या उंचीवर, जेवायला बसता तिथे टांगा. यंत्र आपलं चालत राहतं. आता हे एका काट्याचं घड्याळ.

लोकांना वाटतं, मिनिट काटाच नाही तर वेळ कळणार कशी? पण कळते. काटा तीनच्या घरात, उंबरठ्यापासून थोडा पुढे आला, तर तीन वाजून गेलेत. घराच्या मधोमध, तर साडेतीन. चारच्या दाराशी, तर चार वाजायला आलेत. सात वर्षांच्या मुलाला दिवसभरात याहून बारीक वेळ फारशी लागतही नाही. मोठा काटा समोर नसल्यामुळे "अकरा वाजून वीस"वाला गोंधळ या दिवसांत उद्भवतच नाही. मूल छोट्या काट्याकडे पहिल्यांदाच नीट बघतं. एरवी मोठा काटा लांब, ठळक, त्याच्याकडेच आधी नजर जाते.

इथे खेळ एकच, दिवसातून तीन-चार वेळा, जाता-येता. "कोणाच्या घरात आहे?" असं विचारायचं. "किती वाजले" नाही. तो म्हणेल, "पाचच्या." मग, "आत्ताच आलाय, मध्यावर आहे, की निघायच्या तयारीत?" बस्स. दहा सेकंदांचं काम आहे, बसून शिकवणं नाही, त्यामुळे रडायला जागाच नाही.

माझ्या भाचीचं सांगते, तीही तेव्हा सात वर्षांची होती आणि सुट्टीत माझ्याकडे आली होती. चारला दूध हे आमचं ठरलेलं. एके दिवशी चारला थोडा वेळ असताना ती स्वयंपाकघरात आली.

"मावशी, चार वाजले, दूध दे."

"बघ बरं, कोणाच्या घरात आहे काटा?"

"चारच्या. हा काय, टेकलाय की!"

"टेकलाय की ओलांडलाय?"

ती स्टुलावर चढली, काचेवर बोट ठेवून चारच्या आकड्याखालच्या रेघेपासून काट्यापर्यंत बघत राहिली. काटा रेघेच्या अलीकडे होता, केसाएवढा. "नाही ओलांडला," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे अजून तीनच्याच घरात?" आणि मग ती तिथेच स्टुलावर बसून राहिली, काटा रेघेवर येईपर्यंत. दूध त्या दिवशी तिने स्वतः बरोबर चारला मागितलं. त्यानंतर "चार पंचावन्न" ही चूक तिच्याकडून मी एकदाच ऐकली, आणि तीही तिने स्वतःच दुरुस्त केली.

इथे एक सावधगिरी सांगते. बाजारात मिळणारी पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची शिकवायची घड्याळं असतात, शाळेत प्रकल्प म्हणून आपणही कागदी ताटलीचं करायला लावतो. त्यातले दोन्ही काटे सुटे फिरतात. साडेतीन दाखवताना मूल मोठा काटा ६ वर नेतं आणि छोटा काटा बरोबर तीनवर ठेवून देतं, कधीकधी शिक्षकही ठेवतात. असं घड्याळ जगात कुठेच नसतं. त्यावर शिकलेलं मूल खऱ्या घड्याळासमोर उभं राहिलं की छोटा काटा मध्ये बघून अडकतं. घरी असं घड्याळ असेल तर ते फक्त आकडे लिहायला वापरा. काटे फिरवून दाखवायचे तर खऱ्या घड्याळाची मागची चकती फिरवूनच दाखवा, कारण तिथे दोन्ही काटे आतल्या दात्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. एक हलला की दुसरा आपोआप हलतो.

हे "एकमेकांना बांधलेले" अंगाला कळावं म्हणून अंगणात किंवा गच्चीवर खडूने मोठं घड्याळ काढा. दीडेक मीटर दोरी घ्या, एक टोक मध्ये धरा, दुसऱ्या टोकाने वर्तुळ. आधी १२ आणि ६ समोरासमोर, मग ३ आणि ९, आणि प्रत्येक दोघांमध्ये दोन-दोन आकडे. क्रमाने १, २, ३ लिहीत गेलं की शेवटी जागा उरते किंवा कमी पडते, म्हणून हा क्रम. आता मुलगा छोटा काटा, तुम्ही मोठा. तो आतल्या बाजूला तीनवर उभा, तुम्ही बाहेरच्या बाजूला बारावर. तुम्ही चालायला लागा, त्याने तीनकडून चारकडे सरकायचं, पण तुमची पूर्ण फेरी संपते तेव्हाच त्याचं पाऊल चारवर पडलं पाहिजे. पहिल्या वेळी तो दोन उड्यांत चारवर पोहोचतो. दुसऱ्या वेळी तुम्ही सहावर आलात की थांबा आणि विचारा, "मी अर्धी आले, तू किती यायला हवा?" तो खाली बघेल आणि दोन आकड्यांच्या मधोमध पाय ठेवेल. साडेतीनला छोटा काटा मध्येच का असतो, हे मी फळ्यावर कितीदा समजावलंय, पण इतकं पटकन कळलेलं पाहिलं ते फक्त या खेळात.

त्यानंतर मिनिट काटा परत बसवा. मागची चकती फिरवून छोटा काटा तंतोतंत बारावर आणा आणि मग मोठा काटाही बारावर ठेवून दाबा, म्हणजे दोघांचा मेळ बरोबर बसेल. मुलासमोर बसवा, त्याला मजा वाटते. फक्त सुटे भाग त्याच्याकडे किंवा धाकट्या भावंडाकडे जाऊ देऊ नका.

मिनिटांसाठी आपल्याकडे पाचाचा पाढा आहे. पाच एके पाच, पाच दुणे दहा, पाच त्रिक पंधरा. मोठा काटा तीनवर म्हणजे पाच त्रिक पंधरा. मुलांना पाढा येत असला की हे लवकर जमतं, पण दोन ठिकाणी हमखास अडतं, आणि आई-बाबांना वाटतं मूल लक्ष देत नाही.

एक म्हणजे आपला पाढा दहावर संपतो. पाच दाहे पन्नास म्हटलं की झालं. घड्याळात मात्र पुढे ११ आणि १२ आहेत. त्यामुळे पाढा धडाधडा म्हणणारं मूलही ११ वर आलं की गप्प होतं किंवा "अकरा मिनिटं" म्हणून मोकळं होतं. तुमच्या मुलाने ३:५५ ला "तीन वाजून अकरा" म्हटलं असेल आणि ३:१५ बरोबर सांगितलं असेल, तर अडचण एवढीच आहे. पन्नासनंतर पंचावन्न, साठ हे दोन शब्द पाढ्याला जोडून रोज म्हणा, आणि साठला टाळी वाजवा, कारण तिथे तास पुरा होतो.

दुसरं म्हणजे आपले मराठी आकडे. पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न यांत पाच आधी आणि दशक मागून येतो, आणि शब्दही असे जुळलेले की त्यातून चाळीस किंवा पन्नास सहज ऐकू येत नाहीत. इंग्रजी शाळेतली मुलं तर घरी पंचेचाळीस ऐकतात आणि शाळेत फॉर्टी फाइव्ह म्हणतात. अशा मुलाला मिनिटं ज्या भाषेत येतात त्या भाषेत सांगू द्या. "तीन वाजून फॉर्टी फाइव्ह" म्हणालं तरी त्याला घड्याळ येतंय. मराठी आकडे शिकवायचेच आहेत, पण तो वेगळा धडा. दोन्ही एकदम लादले की मूल कुठे चुकलं ते त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही.

आता मनगटावरचं घड्याळ. आजोबांनी दिलेलं आहे त्यामुळे बदला असं सांगणार नाही, पण एकदा तपासून बघा. चावी फिरवून दोन्ही काटे बारावर आणा, ते एकमेकांवर नीट बसले पाहिजेत. मग सहा वाजवा, दोन्ही काट्यांची एक सरळ रेघ व्हायला हवी. मग साडेतीन, छोटा काटा तीन आणि चारच्या बरोबर मध्ये. स्वस्तातल्या बऱ्याच घड्याळांत छोटा काटा थोडा पुढे-मागे बसवलेला असतो. मोठ्या माणसाचं त्यावाचून अडत नाही, पण उंबरठा ओलांडला की नाही हे बघायला शिकणाऱ्या मुलाला ते घड्याळ रोज खोटं सांगतं. तसं असेल तर घड्याळजीकडे न्या, काटे काढून पुन्हा बसवणं हे त्याच्यासाठी काही मिनिटांचं काम आहे.

डायलवर बाराही आकडे साधे लिहिलेले असावेत. नुसत्या रेघा, रोमन आकडे, किंवा १२-३-६-९ एवढेच आकडे असतील तर सुरुवातीला फार कठीण जातं. भिंतीवरच्या घड्याळात बारा नेहमी वर असतात. मनगटावर ते हाताबरोबर तिरपे होतात, पट्टा सैल असला तर घड्याळ फिरून पार बाजूला जातं. मोठी माणसं जागेवरून वेळ ओळखतात, मुलाला आकडा वाचावा लागतो. बाहेरच्या कडेला ५, १०, १५ असे मिनिटांचे आकडे असतील तर उत्तम, पण नसतील तरी पाढ्याने भागतं. पट्टा असा असावा की त्याला स्वतःला घालता-काढता येईल, आणि एक बोट आत जाईल एवढाच सैल. ज्या हाताने लिहितो त्याच्या दुसऱ्या हातात घाला.

चावीशी मुलं खेळतात. ओढलेली राहते आणि घड्याळ बंद पडतं, मग मुलाला वाटतं आपणच बिघडवलं. पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा की चावी ओढली की काटे थांबतात आणि दाबली की चालतात. आणि मागचं झाकण सैल झालंय का यावर लक्ष ठेवा. आतला बटण सेल लहान भावंडाने गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, दोन तासांतही इजा होऊ शकते. तसा नुसता संशय आला तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा.

घड्याळ हातात आलं की ते त्याच्या उपयोगाचं झालं पाहिजे, नाहीतर ते कडं होऊन राहतं. माझ्याकडे यासाठी तीन खेळ आहेत आणि तीनच पुरतात.

पहिला टिकलीचा. समजा शाळेची व्हॅन सात वीसला येते. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर चारच्या आकड्यावर एक टिकली लावा. मोठा काटा टिकलीखाली आला की व्हॅन. आणि एक आकडा आधी, तीनवर, दुसऱ्या रंगाची टिकली: इथे आला की चपला घालायच्या. मुलाने टिकलीकडे बघून हाक द्यायची, "चपला!" चार दिवसांत तो स्वतःच म्हणायला लागतो, "अजून एक आकडा आहे, म्हणजे पाच मिनिटं." आठवड्याने भिंतीवरच्या टिकल्या काढा आणि हीच हाक मनगटावर बघून द्यायला सांगा. संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची वेळ, आजीची मालिका, बाबांचा फोन, यांतलं एखादं काम त्याच्याकडे द्या आणि घरात सगळ्यांना सांगा की याची वेळ हा सांगणार. त्याने उशिरा सांगितलं तर दिवा उशिरा लागेल, लागू दे. फक्त आजी-आजोबांच्या औषधाची वेळ त्याच्यावर टाकू नका. ती चुकली तर खेळ राहत नाही, आणि तो भार त्या वयाचा नाही.

दुसरा खेळ "आईची चूक पकड". तुम्ही वेळ वाचायची आणि मधूनमधून मुद्दाम चुकायचं, तेही त्याच्याच पद्धतीने. घड्याळात ३:५५ झालेत, तुम्ही म्हणायचं, "अगं बाई, चार पंचावन्न झाले!" तो हसून सांगेल, "नाही, अजून तीनच्याच घरात आहे." दुसऱ्याची चूक काढताना मूल नियम मोठ्याने बोलतं, आणि स्वतःला विचारल्यावर येणारी भीती तिथे नसते. तुमच्याकडची रडारड थांबवायला याच खेळाचा सगळ्यांत जास्त उपयोग होईल. पाचातून एकदा चुका, दर वेळी चुकलात तर तो न बघताच "चूक" म्हणेल.

तिसरा खेळ "काटा कुठे असेल". कुकर ठेवलात, दहा मिनिटांनी गॅस बंद करायचा आहे. त्याला सांगा, मोठा काटा तेव्हा कोणत्या आकड्यावर असेल तिथे बोट ठेव. आत्ता सातवर असेल तर दोन आकडे पुढे, नऊवर. मग वाट बघायची. इथे तो वेळ वाचत नाही, वेळ मोजतो, आणि दोन आकडे म्हणजे दहा मिनिटं हे त्याला पाढ्याशिवायच कळायला लागतं. घड्याळात सेकंद काटा असेल तर याचीच एक गंमत करता येते. डोळे मिटून बसायचं आणि एक मिनिट झालं असं वाटलं की हात वर करायचा. पहिल्यांदा बरीच मुलं मिनिट संपायच्या खूप आधीच हात वर करतात.

मोबाईल काढून घेऊ नका. त्याला तुम्ही उत्तरपत्रिका करा: आधी हात बघायचा, वेळ बोलायची, मग मोबाईलवर पडताळायची. एक-दोन मिनिटांचा फरक आला तर तो बरोबरच आहे. या वयात पाच मिनिटांपर्यंतची वेळ सांगितली तरी खूप झालं. "पावणेचारला निघालो आणि सव्वापाचला पोहोचलो, तर किती वेळ लागला?" हे गणित अजून वर्षभराने.

आणि हो, सव्वा, साडे, पावणे. हे शब्द मी शेवटी आणते, आणि सगळे एकदम आणत नाही. आधी साडे, कारण मधोमध उभा असलेला काटा मुलांना एव्हाना माहीत असतो. साडेतीन, साडेचार, साडेपाच सरळ येतात. मग मूल "साडेएक", "साडेदोन" म्हणतं. त्याला चूक म्हणू नका, त्याने नियम बरोबर लावलाय. सांगा की या दोघांना आपल्याकडे खास नावं आहेत, दीड आणि अडीच. मग सव्वा, तेही सोपं. पावणे मात्र सगळ्यांत मागून, निदान दोन आठवड्यांनी. कारण पावणेचार म्हणताना आपण चारचं नाव घेतो आणि काटा तीनच्या घरात असतो. आपण इतके दिवस उंबरठ्याचा जो नियम पक्का केला, त्याच्या बरोबर उलट हा शब्द ऐकू येतो. नियम पक्का व्हायच्या आधी पावणे आलं की "चार पंचावन्न" पुन्हा सुरू होतं. मी मुलांना सांगते, पावणेचार म्हणजे चारला पाव कमी. काटा अजून आत आलेला नाही, चारच्या दाराशी आहे, म्हणून चारचं नाव घेऊन बोलावतोय. "चार वाजायला दहा मिनिटं कमी" हेही त्याच जातीचं, त्यामुळे ते पावणेच्या पाठोपाठ.

रोज मिळून पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. एवढ्यावर माझ्या वर्गातली बहुतेक मुलं दीड-दोन महिन्यांत पाच मिनिटांपर्यंत वेळ सांगतात. पाच-पाचने साठपर्यंत मोजणंच येत नसेल तर मिनिटं थांबवा, आधी पाच रुपयांची नाणी मोजण्याचा खेळ घ्या आणि एक काट्याचं घड्याळ तसंच टांगलेलं राहू द्या. नऊ वर्षांचं होऊनही काटे सतत उलटे धरत असेल, आणि लिहिताना आकडेही उलटे काढत असेल, तर मग शाळेत बाईंशी बोला.

माझ्या भाचीने सुट्टी संपता संपता एक प्रश्न विचारला होता. दुपारी बारा पंचेचाळीसला मी बहिणीला फोनवर म्हणाले, "पाऊण वाजला, जेवून घेतो." ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "मावशी, पावणेएक म्हण ना. पाऊण कशाचा?" काही घरांत पावणेएकही म्हणतात, पण आमच्याकडे पाऊणच. मी तिला विचारलं, बाजारात पाऊण किलो म्हणजे किती? पावाची तीन मापं, हे तिला भाजी आणताना माहीत झालेलं होतं. तिने मनगट वर केलं, मोठ्या काट्यावर बोट ठेवून बारापासून तीन, तीनपासून सहा, सहापासून नऊ असं फिरवलं. "तीन पाव झाले. बारानंतर पाऊण तास झाला, म्हणून पाऊण!" आणि लगेच पुढे, "म्हणजे सव्वा वाजला म्हणजे एक आणि पाव, आणि दीड म्हणजे एक आणि अर्धा?" मी हो म्हटलं. ती तशीच घड्याळ बघत स्वयंपाकघरात पानं घ्यायला गेली.